टेबलावरचा ठोकळा, कप्पी आणि घर्षण: एक सोडवलेले उदाहरण

उदाहरण: खडबडीत आडव्या टेबलावर 4 किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा A ठेवला आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेला बसवलेल्या कप्पीवरून खाली जाते आणि तिच्या टोकाला 3 किलोग्रॅमचा ठोकळा B जमिनीपासून 0.35 मीटर उंचीवर लटकतो. दोरी हलकी असून ताणली जात नाही. कप्पीही हलकी व घर्षणरहित आहे. A आणि टेबल यांच्यातील स्थितिक घर्षण गुणांक 0.30 व गतिक घर्षण गुणांक 0.25 आहे. A कप्पीपासून 1 मीटर अंतरावर असताना दोन्ही ठोकळे स्थिर स्थितीतून सोडले, तर त्यांचे त्वरण, दोरीतील ताण आणि A एकूण किती सरकेल ते काढा. (g = 9.8 m/s²)

उत्तर: प्रत्येक ठोकळ्याची मुक्त पिंड आकृती स्वतंत्र काढावी, कारण दोन्ही ठोकळे एकाच चित्रात ठेवले की ताण कोणावर कोणत्या दिशेने आहे याचा गोंधळ हमखास होतो. A च्या आकृतीत चार बाण येतात: खाली वजन 4g, वर टेबलाची अभिलंब प्रतिक्रिया R, कप्पीकडे ताण T आणि कप्पीच्या विरुद्ध दिशेने घर्षण f. B च्या आकृतीत दोनच बाण आहेत, वर T आणि खाली 3g. B चे वजन A च्या आकृतीत दाखवण्याचा मोह अनेकांना होतो, पण B हा A ला स्पर्शही करत नाही; त्याचा परिणाम A पर्यंत पोहोचतो तो केवळ दोरीतील ताणाच्या रूपाने. दोरी व कप्पी हलकी असल्यामुळे आणि कप्पीत घर्षण नसल्यामुळे कप्पीच्या दोन्ही बाजूंना हा ताण सारखाच असतो.

A उभ्या दिशेने हलत नाही, म्हणून

R = 4 × 9.8 = 39.2 N

घर्षणाचे मूल्य लिहिण्यापूर्वी ठोकळे मुळात हलतात का, हे तपासणे आवश्यक आहे. ते हलले नाहीत, तर ताण B च्या वजनाइतका, म्हणजे 29.4 न्यूटन असेल आणि A ला रोखून धरण्यासाठी तेवढेच घर्षण लागेल. परंतु स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा 0.30 × 39.2 = 11.76 न्यूटन एवढीच आहे. म्हणजे ठोकळे हलतात आणि आता गतिक घर्षण घ्यायचे:

f = 0.25 × 39.2 = 9.8 N

दोरी ताणली जात नसल्याने दोन्ही ठोकळ्यांच्या त्वरणाचे परिमाण a समान आहे. A साठी कप्पीकडची आणि B साठी खालची दिशा धन मानून न्यूटनचा दुसरा नियम लावू.

A साठी: T − 9.8 = 4a
B साठी: 29.4 − T = 3a

दोन्ही समीकरणांची बेरीज केल्यावर T निघून जातो आणि 19.6 = 7a, म्हणजेच a = 2.8 m/s² मिळते. B च्या समीकरणावरून T = 29.4 − 8.4 = 21 N. पडताळा A च्या समीकरणात घ्यावा: 21 − 9.8 = 11.2 आणि 4 × 2.8 = 11.2. ताण B च्या वजनापेक्षा कमी आला हे योग्यच आहे, कारण तो वजनाइतका असता तर B ला खालच्या दिशेने त्वरण मिळालेच नसते.

B जमिनीला टेकेपर्यंत A 0.35 मीटर सरकतो आणि त्या क्षणी त्याच्या वेगासाठी

v² = 2 × 2.8 × 0.35 = 1.96, म्हणून v = 1.4 m/s

इथून पुढे दोरी सैल पडते, त्यामुळे A ची आकृती नव्याने काढावी लागते. तिच्यात T चा बाण नाही. आडव्या दिशेने केवळ 9.8 न्यूटनचे घर्षण उरते आणि ते A ला 9.8 ÷ 4 = 2.45 m/s² इतके मंदन देते. थांबेपर्यंत A आणखी

1.96 ÷ (2 × 2.45) = 0.40 m

सरकतो. म्हणजे एकूण अंतर 0.75 मीटर, आणि कप्पी 1 मीटरवर असल्यामुळे A तिच्यावर आदळत नाही.

हलण्याची तपासणी वगळली तर काय होते, हे B चे वस्तुमान 0.8 किलोग्रॅम घेतल्यास दिसते. तेव्हा वजन 7.84 न्यूटन, म्हणजे 11.76 न्यूटनच्या मर्यादेहून कमी असल्याने काहीच हलत नाही, ताण 7.84 न्यूटन आणि घर्षणही 7.84 न्यूटनच असते, कारण स्थितिक घर्षण गरजेपुरतेच निर्माण होते. तरीही कोणी सरळ गतिक घर्षण घालून मोकळा झाला, तर त्याला a = (7.84 − 9.8) ÷ 4.8, म्हणजे सुमारे −0.41 m/s² मिळेल. स्थिर सोडलेला B आपोआप वर चढू लागला आणि घर्षणानेच A ला कप्पीपासून दूर ढकलले, असा त्याचा अर्थ होईल.