ईरी तलावातला ऑक्सिजन नेमका जातो कुठं?

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये लोकांना सांगावं लागलं की नळाचं पाणी पिऊ नका, कारण ईरी तलावातल्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष पाण्यात आलं होतं. हे शेवाळ वाढतं ते मुख्यतः मौमी नदीतून येणाऱ्या शेतातल्या खतावर. खतातलं नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं त्यामुळं पावसाबरोबर लगेच वाहून जातं, फॉस्फेट मात्र बरंचसं मातीच्या कणांना चिकटून येतं आणि थोडं विरघळून, आणि गोड्या पाण्यात बहुतेक वेळा फॉस्फरसच कमी असतो म्हणून तो थोडा जरी वाढला तरी शेवाळ भराभर पसरतं.

पुढचं खरं महत्त्वाचं. शेवाळ मरून तळाशी जातं, बॅक्टेरिया ते कुजवतात आणि त्यात ऑक्सिजन वापरला जातो; खालच्या समीकरणात डावीकडचं पहिलं सूत्र म्हणजे शेवाळ:

(CH2O)106(NH3)16(H3PO4) + 138 O2 → 106 CO2 + 16 HNO3 + H3PO4 + 122 H2O

म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागं ऑक्सिजनचे 138 रेणू! उन्हाळ्यात वरचं गरम पाणी हलकं असल्यानं खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, मग तळाला नवा ऑक्सिजन पोचतच नाही आणि मासे गुदमरतात. त्यात भर म्हणजे ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहाचं Fe3+ पासून Fe2+ होतं, त्याला चिकटलेलं फॉस्फेट सुटून परत पाण्यात येतं, म्हणून बाहेरून येणारं खत कमी केलं तरी तलाव सुधारायला कित्येक वर्षं लागू शकतात.