ताई, रिसेप्शनला मी बोलणार नाही गं

ताई, रागावू नकोस. गंगापूर रोडच्या लॉनवर, तीनशे-चारशे माणसांपुढे माइक घेऊन तुमच्या दोघांबद्दल बोलणं मला खरंच जमणार नाही. माइक हातात आला की घशाला कोरड पडते, पाठ केलेलं सगळं उडून जातं. सरावाने सुटेल म्हणतेस, पण तुझ्या लग्नात मला तो प्रयोग नको. आठवडाभर त्याच धास्तीत राहीन आणि तुझी हळदसुद्धा नीट खेळणार नाही.

त्याऐवजी रुखवत माझ्याकडे दे. विकतचं नको. गोदाघाट करायचा म्हणते मी: पुठ्ठ्याच्या पायऱ्या, मागे काळाराम मंदिर (काळा रंग आणलाय), पुढे दुतोंड्या मारुती, आणि पाणी बरोब्बर त्याच्या कमरेपर्यंत. पूर बघायला आपण बाबांच्या स्कूटरवरून जायचो ना, ती स्कूटरही पुलावर ठेवते. भाषणात जे बोलले असते ते पत्रात लिहून तुझ्या बॅगेत ठेवीन. भाऊजींना दाखवायचं की नाही, तू ठरव.

भाषणाला छोट्या मामाला सांग. तो एका पायावर तयार होईल. फक्त माइक परत कोण घेणार, ते आधीच ठरवून ठेव.