आप्पांच्या दादरीच्या अक्षता

(मंगलाष्टकांआधी माईकवर: नवरीचे काका)

पाहुणे मंडळी, भटजीबुवांकडून दोन मिनिटं मागून घेतली आहेत. मुहूर्त चुकणार नाही.

आज मुलीचा बाप म्हणून इथे माझे मोठे भाऊ, आमचे आप्पा उभे असायचे. दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत ते गेले. हार घातलेला फोटो खुर्चीवर ठेवू, असं काही जणांनी सुचवलं. वहिनी नाही म्हणाल्या. आप्पांना रिकामी खुर्ची बघवायची नाही. पाहुणा उभा दिसला की स्वतःची द्यायचे. कार्य कुणाचंही असो, ते पंगतीच्या टोकाला मठ्ठ्याचा जग धरून, आणि निघणाऱ्याला एकच सांगणं: “जेवीसन जाजो रे भाऊ!”

तेव्हा मौन वगैरे नको. हातातल्या अक्षता बघा. ही आपल्याच मळ्यातली दादर ज्वारी. बियाणं आप्पांनी राखलेलं, पेरणी वहिनींची. पोरांवर टाकाल तेव्हा त्यात आप्पांचीही मूठ धरा. फक्त नेम धरून मारू नका, दादर टपोरी असते.

कन्यादानाला मी आणि रूपालीची काकू बसतोय, पण लेकीचा हात जावईबापूंच्या हातात वहिनी देतील. पहिली हळदही त्यांनीच लावली. कुणाला खटकलं असेल तर माझ्याशी बोला, त्यांच्याशी नको.

भटजीबुवा, आता होऊ द्या.

(आहेरासोबतची चिठ्ठी)

चि. सौ. रूपाली आणि चि. निखिलराव,
अनेक आशीर्वाद.

रूपा, पाठवणीच्या वेळी माझ्याच्याने बोलणं होणार नाही, म्हणून आदल्या रात्रीच लिहून ठेवतोय. स्टेजवर तुझं लक्ष सारखं दाराकडे जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे. रडू आलं तर रड, मेकअपवाली बघून घेईल.

आप्पा तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. पण तू बारावी झालीस तेव्हा ते अमळनेरच्या बाजारातून पेढे घेऊन आले आणि वाटेतच निम्मे वाटून बसले. घरी आल्यावर म्हणाले, “दुकानदारानं कमी भरले.”

निखिलराव, तुम्ही त्यांना पाहिलं नाही. त्यांची जागा भरून काढायची जबाबदारी तुमच्यावर नाही, ते कुणालाच जमणार नाही. एवढंच करा: ती त्यांच्याबद्दल बोलायला लागली की विषय बदलू नका. आखाजीला आम्ही त्यांच्या नावाची घागर भरतो, वर डांगर ठेवतो. त्या दिवशी दोघं या. मांडे वहिनींच्या हातचे असतील आणि झोका मागच्या निंबालाच.

तापीपलीकडे शिरपूर काही लांब नाही. आप्पा असते तर मुऱ्हाळी म्हणून तुला न्यायला तेच आले असते. यंदा मी येतो. पिशवी भरून ठेव, मला थांबायला लावू नकोस.

तुझा काका