परिशिष्ट २ : पारिभाषिक शब्दसूची

(प्रबंध : घरातला धम्म – उत्तर नागपुरातील बौद्ध कुटुंबांच्या तीन पिढ्या)

ही सूची मी मुलाखती सुरू होण्याआधी केली होती आणि मुलाखती संपल्यावर जवळजवळ सगळी मोडून पुन्हा लिहिली. पहिल्या खर्ड्यात ‘धर्मांतर’, ‘दीक्षा’ आणि ‘धम्मदीक्षा’ हे तीन शब्द मी अदलून बदलून वापरले होते. इंदोऱ्यातल्या एका आजींनी मला मध्येच थांबवून विचारलं, “बाई, तू एकदा धर्मांतर म्हणते, एकदा दीक्षा म्हणते. मंग आमी नेमकं का केलं?” त्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधाच्या प्रत्येक पानावर एकच असलं पाहिजे, म्हणून ही सूची.

शब्दापुढे (पा) असेल तर तो पाली परंपरेतून आलेला आहे, (मु) असेल तर मुलाखतींत लोकांनी स्वतः वापरलेला, आणि (वि) असेल तर विश्लेषणासाठी मी घेतलेला. (वि) शब्द कुणाच्याही तोंडी घातलेला नाही. पाली शब्द पाली रूपातच ठेवले आहेत : भिक्खू, निब्बान, धम्म. संस्कृत रूप फक्त अवतरणात किंवा पंचशील, वर्षावास यांसारख्या मराठीत रूढ झालेल्या शब्दांत येते. ‘पाहा’ म्हणजे व्याख्या तिथे आहे. ‘तुलना’ म्हणजे दोन शब्द जवळचे आहेत पण एक नाहीत. क्रम वर्णमालेचा असून अनुस्वार असलेले अक्षर साध्या अक्षरानंतर येते.

अशोक विजयादशमी (मु) : आश्विन शुद्ध दशमी, सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराशी जोडलेला दिवस. १९५६ मध्ये ही तिथी १४ ऑक्टोबरला आली. ‘दसरा’ हा शब्द या अर्थाने वापरलेला नाही. पाहा : धम्मचक्र प्रवर्तन दिन.

उपासक, उपासिका (पा, मु) : त्रिसरण आणि पंचशील घेतलेली गृहस्थ व्यक्ती. प्रबंधात ‘भक्त’, ‘अनुयायी’ हे शब्द त्याऐवजी येत नाहीत. तुलना : भिक्खू.

उंबरठा अवस्था (वि) : संक्रमणविधीतला मधला टप्पा, जिथे माणूस जुन्या ओळखीतून निघालेला असतो पण नव्यात पोचलेला नसतो. कल्पना आर्नोल्ड व्हान जेनेप यांच्या १९०९ च्या मांडणीतली. मी ती १४ ऑक्टोबरच्या एका सकाळीपुरती न वापरता त्यानंतरच्या वर्षांसाठी वापरते, कारण कित्येक घरांत धम्मदीक्षा एका दिवसात झाली आणि देव निघायला दहा-पंधरा वर्षे लागली. पाहा : देव सोडणे, धम्मदीक्षा.

कर्मकांड (मु) : मुलाखतींत हा शब्द नेहमी निषेधाचा आहे; जे सोडले ते कर्मकांड. त्यामुळे तो वर्णनासाठी घेता येत नाही. तटस्थ शब्द लागेल तिथे पाहा : विधी.

जय भीम (मु) : अभिवादन. रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. प्रबंधात त्याची नोंद अभिवादन म्हणूनच केली आहे, मंत्र किंवा जप म्हणून कुठेही नाही.

जलदान विधी (मु) : पाहा : पुण्यानुमोदन.

त्रिसरण (पा, मु) : बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे तीनदा म्हटले जाणारे वचन. ‘शरण’ येथे आधार घेणे या अर्थी. आजच्या मराठीतली शरणागतीची छटा त्यात नाही. पाहा : पंचशील, वंदना.

दीक्षा : एकटा शब्द वापरलेला नाही. पाहा : धम्मदीक्षा.

दीक्षाभूमी (मु) : नागपुरातील ती जागा जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आजचा स्तूप १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला, म्हणून १९५६ च्या आठवणींच्या संदर्भात ‘स्तूप’ न म्हणता ‘मैदान’ म्हटले आहे. तुलना : विहार.

देव सोडणे (मु) : घरातल्या देवांच्या मूर्ती, टाक, तसबिरी कायमच्या बाहेर काढणे. हा शब्द पूर्णपणे लोकांचा आहे आणि मला त्याच्या तोडीचा दुसरा सापडला नाही. ‘विसर्जन’ चालत नाही, कारण विसर्जनात पुढच्या वर्षी परत येणे गृहीत असते. पाचपावलीतल्या एका बाईंनी सांगितले : “सासऱ्यानं देव टोपल्यात भरले, वर फडकं झाकलं अन् नदीत सोडून देल्ले. सासू मागं मागं गेली, पन पान्याजवळ नाई गेली.” सासूने त्यातला एक टाक वेगळा काढून पिठाच्या डब्यात ठेवला होता, तो बाईंना सासू गेल्यावर सापडला. प्रकरण ३ मध्ये ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ असा फरक मी याच घरावरून केला आहे : पहिले एका दिवसाचे कृत्य, दुसरे अनेक वर्षांची क्रिया. पाहा : उंबरठा अवस्था, बावीस प्रतिज्ञा.

धम्म (पा, मु) : बुद्धाची शिकवण, आणि आंबेडकरांच्या मांडणीत माणसा-माणसांतला नीतीचा व्यवहार. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते धम्म आणि धर्म वेगळे ठरवतात : धर्म ही माणसाची खासगी बाब मानली जाते, धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे; एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की तो हवाच. प्रबंधात ‘धम्म’ याच अर्थी आहे. थेरवाद परंपरेतले ‘वस्तूचा स्वभाव’, ‘मनात उठणारा विषय’ हे अर्थ जिथे आवश्यक आहेत तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. ‘बौद्ध धर्म’ हा जोडशब्द शासकीय कागद किंवा कुणाचे बोलणे उद्धृत करतानाच येतो. तुलना : धर्म.

धम्मचक्र प्रवर्तन दिन (मु) : धम्मदीक्षेचा वर्षदिन. नागपुरात तो दोनदा येतो, १४ ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला. निरीक्षणाच्या नोंदीत कोणता, हे दर वेळी लिहिले आहे, कारण गर्दी, दुकाने आणि घरचा स्वयंपाक या दोन दिवशी सारखा नसतो. सारनाथच्या पहिल्या प्रवचनाला प्रबंधात ‘धम्मचक्र प्रवर्तन’ एवढेच म्हटले आहे, ‘दिन’ नाही.

धम्मदीक्षा (मु) : त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा यांचा एकत्रित स्वीकार. तिन्ही असल्याशिवाय हा शब्द वापरलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला महास्थवीर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील दिले. नंतर बाबासाहेबांनी स्वतः लोकांना त्रिसरण-पंचशील आणि प्रतिज्ञा दिल्या. गृहस्थाने गृहस्थांना धम्मदीक्षा देणे, ही यातली मोठी गोष्ट आहे आणि बौद्धाचार्याचे आजचे स्थान त्यातूनच समजते. पाहा : बावीस प्रतिज्ञा, बौद्धाचार्य. तुलना : धर्मांतर.

धर्म (वि) : श्रद्धा, विधी आणि समूह यांची सामाजिक व्यवस्था, एमील दुर्खीम यांच्या १९१२ च्या मांडणीला धरून. त्या व्याख्येत ईश्वर अनिवार्य नाही, आणि दुर्खीम यांनी त्यासाठी बौद्धांचेच उदाहरण दिले होते. म्हणून विश्लेषणात बौद्ध जीवनालाही हा शब्द लागू होतो. लोकांचे बोलणे सांगताना होत नाही. तुलना : धम्म.

धर्मांतर (वि) : जनगणनेत, कायद्यात किंवा जाहीर घोषणेत नोंदला जाणारा धर्मबदल. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून १९५६ पर्यंतच्या राजकीय चर्चेसाठी हाच शब्द आहे. माणसाने स्वतः जे केले त्यासाठी नाही. वर उल्लेखलेल्या आजींना दिलेले उत्तर हेच : तुम्ही धम्मदीक्षा घेतली, सरकारदरबारी धर्मांतर लागले. पाहा : नवबौद्ध.

नवबौद्ध (वि) : केवळ प्रशासकीय शब्द. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ अशा योजनांच्या नावांत तो आजही आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या कक्षेत बौद्ध १९९० च्या दुरुस्तीनंतर आले, त्यामुळे मधल्या वर्षांच्या कागदांत या एका शब्दावर सवलती, दाखले आणि नोकऱ्या अडत. तिसऱ्या पिढीला तो टोचतो : “साठ-सत्तर वर्षं झाली, आमी अजून नवेच का?” त्यांच्यासाठी प्रबंधभर ‘बौद्ध’. तुलना : नवयान.

नवयान (वि) : आंबेडकरी बौद्ध विचारपरंपरा. १३ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरातच पत्रकारांशी बोलताना बाबासाहेबांनी हा शब्द वापरला होता. तो विचाराला लागतो, व्यक्तीला नाही. ‘नवयानी’ हे विशेषण घेतलेले नाही.

निब्बान (पा) : विकारांवर ताबा मिळवून सदाचाराच्या मार्गाने चालता येणे, हा आंबेडकरांचा अर्थ. मुलाखतींत क्वचित. बुद्धांच्या मृत्यूसाठी ‘महापरिनिर्वाण’ हे रूढ रूप ठेवले आहे; ६ डिसेंबरच्या ‘महापरिनिर्वाण दिना’लाही तेच.

परित्राण पाठ (पा, मु) : घरात मंगल सुत्त, रतन सुत्त, करणीय मेत्त सुत्त यांचे पठण, गृहप्रवेश, नामकरण किंवा आजारपणाच्या निमित्ताने. पाण्याच्या भांड्यातून निघालेला पांढरा दोरा बसलेल्या सर्वांच्या हातांतून फिरतो आणि शेवटी त्याचे तुकडे मनगटावर बांधतात. एका घरी दोरा पुरला नाही, तेव्हा मागे बसलेल्या मुलांनी पुढच्यांच्या खांद्यावर हात ठेवले, कुणी न सांगता. ‘सत्यनारायणाच्या जागी आलेले’ असे वर्णन मी करत नाही. जागा तीच आहे का, हाच प्रकरण ४ चा प्रश्न आहे. पाहा : विधी.

पवित्र (वि) : दुर्खीम यांच्या अर्थी, रोजच्या व्यवहारापासून वेगळे ठेवलेले. ‘सोवळे’ हा त्याचा पर्याय नाही. सोवळ्याला जातीचा इतिहास आहे.

पंचशील (पा, मु) : हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचे पाच संकल्प. पाली पाठात ‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त होणे. ‘आज्ञा’ असे भाषांतर केलेले नाही. पाहा : त्रिसरण.

पुण्यानुमोदन (पा, मु) : मृत्यूनंतरचा विधी, ‘जलदान’ असेही म्हणतात. तांब्यातले पाणी भांड्यात सावकाश ओतले जाते, ते काठावरून वाहू लागते, आणि ‘सुखिता होन्तु ञातयो’ म्हटले जाते. पिंड नाही, पितर नाहीत, म्हणून सहाव्या प्रतिज्ञेशी याचा विरोध नाही, असे बौद्धाचार्य आवर्जून सांगतात. प्रबंधात ‘श्राद्ध’, ‘तेरवी’ हे शब्द यासाठी कुठेही नाहीत. पाहा : बावीस प्रतिज्ञा, विधी.

बावीस प्रतिज्ञा (मु) : क्रमांक नागपुरात प्रचलित पाठानुसार. पहिली ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची, सहावी श्राद्ध-पिंडदान न करण्याची. ‘शपथ’ हा पर्याय टाळला आहे. पाहा : देव सोडणे, धम्मदीक्षा.

बौद्धाचार्य (मु) : विधी लावणारी प्रशिक्षित गृहस्थ व्यक्ती. ‘पुरोहित’ नव्हे. तुलना : भिक्खू.

भिक्खू (पा, मु) : उपसंपदा घेतलेली संघातली व्यक्ती. ‘भंते’ हे संबोधन, पदनाम नाही.

वर्षावास (पा, मु) : आषाढ ते आश्विन पौर्णिमा. भिक्खूंनी एका जागी राहण्याचा काळ. वस्तीत मात्र रोज रात्री विहारात ग्रंथवाचनाचा काळ. दुसरा अर्थ असेल तिथे ‘वर्षावासाचे वाचन’ असे लिहिले आहे.

वंदना (पा, मु) : त्रिसरण-पंचशीलाने सुरू होणारे सामूहिक पठण. तुलना : पूजा, हा शब्द फक्त ‘बुद्धपूजा’ या गाथेच्या नावात.

विधी (वि) : ठरलेल्या क्रमाने, समूहाच्या साक्षीने केलेली कृती. चांगला-वाईट असा निवाडा त्यात नाही. एका आजोबांनी हा शब्द ऐकून मान हलवली : “आमच्यात विधी नाई, संस्कार असते.” त्यांचे म्हणणे मान्य करून लोकांच्या बाजूने ‘संस्कार’ आणि माझ्या बाजूने ‘विधी’ असे दोन शब्द ठेवले. पाहा : संस्कार. तुलना : कर्मकांड.

विहार (मु) : वस्तीतली सामूहिक जागा, जिथे वंदना होते आणि बहुधा अभ्यासिका किंवा वाचनालयही असते. पालीतला ‘भिक्खूंचे निवासस्थान’ हा अर्थ सांगितल्याशिवाय घेतलेला नाही.

संस्कार (मु) : नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन यांसाठी लोकांचा शब्द. बौद्ध तत्त्वज्ञानातल्या पंचस्कंधांपैकी चौथ्यासाठी पाली ‘संखार’ हेच रूप, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मंगल परिणयाबाबत एक गोष्ट वेगळी नोंदली आहे : विधी पूर्णपणे बौद्ध असला तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, म्हणून नोंदणीच्या कागदावरचा शब्द उद्धृत करताना तो जसाच्या तसा ठेवला आहे. पाहा : विधी, पुण्यानुमोदन.