घरविमा पॉलिसीची अनुसूची: मर्यादा आणि वगळलेल्या बाबी (मराठी अनुवाद)

मूळ: अनुसूचीची पाने ३ व ४, मोबाईलने काढलेली दोन छायाचित्रे. कलमांचे क्रमांक मूळचेच. चौकटी कंसातला मजकूर अनुवादकाचा आहे, पॉलिसीचा नाही. रकमा मूळ चलनातच ठेवल्या असून फक्त स्वल्पविराम मराठी पद्धतीने दिले आहेत.

भाग ३. मर्यादा

३.१ घरातील वस्तू: ५,००,०००. विमा कालावधीतील सर्व दाव्यांचे मिळून यापेक्षा अधिक देय नाही.
[मूळ शब्द ‘अ‍ॅग्रिगेट’. एका दाव्यात २,००,००० मिळाले तर उरलेल्या कालावधीसाठी ३,००,०००च शिल्लक राहतात.]

३.२ मौल्यवान वस्तू (दागिने, घड्याळे, कॅमेरे, नाणी): ३.१ मधील रकमेच्या २० टक्के, म्हणजे १,००,०००. ही रक्कम ३.१ मध्ये धरलेली आहे.
[फ्लॅशच्या चमकेमुळे दुसरा अंक दिसत नाही, तो ० किंवा ८ असू शकतो. ५,००,००० चे २० टक्के १,००,००० होतात, म्हणून ० घेतला. ‘धरलेली आहे’ म्हणजे ३.१ च्या पोटात. वरचे जादा संरक्षण नव्हे.]

३.३ कोणतीही एक वस्तू, जोडी किंवा संच: २५,०००, ती यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली नसल्यास.
[कानातल्यांची जोडी ही एकच वस्तू. दोन्ही गेली तरी मर्यादा ५०,००० होत नाही.]

३.४ गळतीचे ठिकाण शोधण्यासाठी भिंत वा फरशी फोडून पूर्ववत करणे: प्रत्येक घटनेला १५,०००.
[इथे मात्र ‘प्रत्येक घटनेला’ असेच आहे.]

३.५ वजावट: प्रत्येक दाव्यातील पहिले ५,००० विमाधारकाने सोसायचे, पाण्याने झालेल्या नुकसानीत १५,०००.
[‘एक्सेस’ला ‘अतिरिक्त’ म्हटले तर अर्थ उलटा होतो. १२,००० चे पाण्याचे नुकसान असेल तर काहीच मिळणार नाही.]

३.६ नुकसानीच्या वेळी वस्तूंची एकूण किंमत विमा रकमेपेक्षा जास्त आढळल्यास भरपाई त्या प्रमाणात कमी होईल. आधी ही कपात, मग वजावट.
[मूळ शब्द ‘अ‍ॅव्हरेज’, त्याचा सरासरीशी संबंध नाही. वस्तू प्रत्यक्षात ८,००,००० च्या असतील, तर ८०,००० च्या नुकसानीला आठातले पाच हिस्से म्हणजे ५०,०००, आणि ५,००० वजा करून ४५,०००. नुकसान विमा रकमेच्या कितीतरी आत असले तरी हे कलम लागते.]

भाग ४. वगळलेल्या बाबी

पुढीलपैकी कशामुळेही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे झालेले, किंवा त्यामुळे वाढलेले, नुकसान देय नाही:

४.१ झीज, गंज, बुरशी, वाळवी, उंदीर, किंवा हळूहळू होत जाणारी कोणतीही खराबी. परंतु त्यामुळे नळ अचानक फुटून इतर वस्तूंचे नुकसान झाल्यास ते देय राहील; नळाच्या दुरुस्तीचा खर्च नाही.
[‘परंतु’पासूनचा भाग वगळलेले काही अंशी परत देतो. तो गाळला तर अनुवाद मूळापेक्षा कडक होतो, आणि शेवटचा तुकडा गाळला तर सैल.]

४.२ चोरी, बळजबरीने आत शिरल्याच्या किंवा बाहेर पडल्याच्या दृश्य खुणा नसल्यास.
[‘किंवा’ महत्त्वाचा: दोहोंपैकी एकाच्या खुणा पुरतात. किल्लीने उघडलेले दार या कलमात अडकते.]

४.३ घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ विनावास्तव्य असल्यास, त्या काळातील चोरी, मोडतोड आणि पाण्याचे नुकसान.
[‘विनावास्तव्य’ म्हणजे कोणी राहत नसलेले, सामान आत असले तरी. ३० वा दिवस सुरक्षित, अडचण ३१ व्यापासून. मध्ये एक रात्र राहिल्याने मोजणी नव्याने सुरू होते का, हे या पानांवर नाही. आगीचा उल्लेख इथे नाही, म्हणून तो जोडलेला नाही.]

४.४ पूर आणि जमिनीखालून झिरपणारे पाणी.

४.५ युद्ध, अणुकिरणोत्सर्ग, सरकारी जप्ती.

४.६ हमी-अट: घर रिकामे असताना मुख्य दाराची दोन्ही कुलुपे लावलेली असलीच पाहिजेत. भंग झाल्यास चोरीचा दावा देय नाही.
[‘वॉरंटी’ म्हणजे विमाधारकाने दिलेला शब्द, कंपनीची ग्वाही नव्हे. मूळात ‘शॅल’ आहे, म्हणून ‘असावीत’ न लिहिता ‘असलीच पाहिजेत’ लिहिले.]

४.७ भाड्याने दिलेल्या भागातील चोरी, जोवर …
[पानाची उजवी कड छायाचित्रात कापली गेली आहे. ‘जोवर’नंतर सूट आहे की आणखी एक अट, हे उरलेल्या शब्दांवरून ठरत नाही. अंदाजाने वाक्य पुरे केलेले नाही. पान ४ चा तळ समोरून, फ्लॅशशिवाय पुन्हा टिपून पाठवावा. तोवर हे कलम अननुवादित समजावे.]