सुनंदाताईंना, सोमवारपासूनच्या स्वयंपाकासाठी

सुनंदाताई, नमस्कार.

काल बोलता बोलता बरंच राहून गेलं, म्हणून लिहून ठेवते. ओट्याच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

सगळ्यात आधी दाणे. आमच्या घरात शेंगदाणे येत नाहीत. ओमला, माझ्या सात वर्षांच्या मुलाला, त्याची अ‍ॅलर्जी आहे. कूट नाही, शेंगदाणा तेल नाही, दाण्याची चटणी नाही, बाहेरचा चिवडा नाही. दोन वर्षांपूर्वी एका घरी कुटाच्या डब्यातला चमचा तसाच काकडीच्या कोशिंबिरीत फिरला. दोन घास खाल्ले आणि पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. तुम्ही आधीच्या घरून स्वयंपाक करून येता, म्हणून आल्या आल्या हात साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने कूट जात नाही. त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा एकदम खोकला लागला, तर पित्त समजून आमसुलाचं पाणी लावत बसू नका. लगेच सासूबाईंना हाक मारा, त्यांना औषध माहीत आहे. १०८ला आणि मला फोन करा.

कुटाऐवजी भरल्या वांग्यात सुकं खोबरं आणि तीळ भाजून घाला. तीळ त्याला चालतात, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीत ओलं खोबरं. कूट नसलं की साबुदाणा चिकटतो, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवून अगदी बेताच्या पाण्यात भिजवा.

सासऱ्यांना मधुमेह आहे. रात्री त्यांना ज्वारीची भाकरी, भात नाही. आमटीतला गूळ त्यांची वाटी काढून झाल्यावर घाला. सासूबाईंना कवळी आहे, त्यांची भाकरी दुधात कुस्करता येईल इतकी मऊ हवी.

मटकी रविवारी रात्री मी भिजत घालते. सोमवारी संध्याकाळी तुम्ही उपसून फडक्यात बांधा, मंगळवारी उसळ. बुधवारी मासे. सासूबाई मालवणच्या, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं लागतातच, ती किती हे त्यांनाच विचारा. गुरुवारी दत्ताचा वार, कांदा-लसूणही नाही. शुक्रवारी फ्रीजमध्ये जी भाजी उरली असेल ती. शनिवारी मुगाची खिचडी, कढी आणि पापड, ओम शनिवारची वाटच बघत असतो. रविवारी तुम्हाला सुट्टी, मटण मी करते.

ओमला कारलं सोडून सगळं आवडतं. भेंडी चिरण्याआधी पुसून कोरडी करा आणि झाकण न ठेवता परता. बुळबुळीत झाली की तो ताट सरकवतो.

तुम्हीही इथेच जेवून जा. पोळ्या मोजून करू नका.

तुमची,
मेधा

ता. क. दिवाळीचा चिवडा आपण डाळं आणि काजू घालून घरीच करू.