खोलीतील सदोष सॉकेटमुळे चार्जर जळत असल्याबाबत तक्रार अर्ज

प्रति,
मा. वसतिगृह अधीक्षक,
मुलांचे वसतिगृह, सोलापूर

महोदय,

मी खोली क्र. 214 मध्ये राहतो. टेबलाजवळच्या बोर्डवरील दोन्ही सॉकेट सदोष असून गेल्या दोन महिन्यांत माझे दोन आणि माझ्या खोलीमित्राचा एक असे लॅपटॉपचे तीन चार्जर जळाले आहेत. पहिल्या वेळी मी चार्जरलाच दोष दिला. परंतु नवा, कंपनीचा चार्जरही नऊ दिवसांत गेला, तेव्हा शंका राहिली नाही.

प्लग सैल बसतो, ठिणग्या उडतात आणि सॉकेटभोवतीचे प्लास्टिक काळे पडले आहे. शिवाय रात्री शेजारच्या खोल्यांतील कूलर सुरू झाले की आमचा दिवा मंद होण्याऐवजी अधिक प्रखर होतो, त्यामुळे न्यूट्रलची जोडणी सैल होऊन दाब 230 व्होल्टच्या बराच वर जात असावा, असे वाटते. वायरमनने मागे केवळ स्क्रू आवळले, दाब मोजला नाही.

तरी दोन्ही सॉकेट बदलून न्यूट्रल व अर्थिंगची मीटरने तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत अभ्यासिकेतील सॉकेट रात्री वापरण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. जळालेले तिन्ही चार्जर आपल्याला पाहण्यासाठी कार्यालयात जमा केले आहेत.

आपला विश्वासू,
रहिवासी विद्यार्थी, खोली क्र. 214